काटा फुल आहे, पण सिलिंडर चालू आहे का? वॉर्डातली इमर्जन्सी ट्रॉली रोज कशी बघायची

मी नागपुरात धंतोलीकडच्या एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. नर्सिंगच्या मुली नवीन जॉइन झाल्या की पहिल्या आठवड्यात त्यांना जे शिकवावं लागतं त्यात हा विषय असतोच, आणि नातेवाईक पण विचारतात की सिस्टर ती लाल ट्रॉली रोज सकाळी उघडून काय बघता तुम्ही. म्हणून इथे सगळं नीट लिहून काढते आहे, ज्यांना मेडिकलचं काही माहिती नाही त्यांनाही समजावं असं.

ती ट्रॉली म्हणजे क्रॅश कार्ट. वॉर्डात एखाद्या पेशंटचं हृदय अचानक थांबलं किंवा श्वास थांबला, की ती ओढत बेडपाशी न्यायची आणि पहिल्या मिनिटापासून लागणारं सगळं तिच्यातच मिळालं पाहिजे. आता मुद्दा असा की आयसीयूची टीम दुसऱ्या मजल्यावरून यायला, रात्री लिफ्ट कुठे अडकली असेल ते धरून, चार-पाच मिनिटं लागतात. पण टीम आली म्हणजे काम संपलं असंही नसतं, कारण छाती दाबणं चालू असताना पेशंटला उचलून आयसीयूत नेता येत नाही, नाडी परत येईपर्यंत सगळं तिथेच, त्याच बेडवर चालतं. म्हणून मी मुलींना एकच हिशोब शिकवते: ही ट्रॉली एकटीच्या जिवावर ३० मिनिटं चालेल का? ऑक्सिजन असो, इंजेक्शन असो, बॅटरी असो, प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न विचारायचा. "आहे का" असं विचारलं की टिक मारून मोकळं होता येतं, "किती मिनिटं चालेल" म्हटलं की हात लावूनच बघावं लागतं.

ऑक्सिजनपासून सुरू करते कारण मी स्वतः तिथेच ठेच खाल्ली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर होते, नाईटला आम्ही दोघीच. साडेतीनच्या सुमारास कोपऱ्यातल्या बेडवरचे काका, साठीच्या आतबाहेरचे, एकदम निपचित झाले. माझी पार्टनर छाती दाबायला लागली, मी ट्रॉली ओढून आणली, अंबू बॅगची, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्याची, नळी सिलिंडरच्या फ्लोमीटरला लावली, म्हणजे ऑक्सिजन किती जातोय ते आतल्या गोळ्यावरून दाखवणाऱ्या उभ्या नळीला, आणि फ्लो सोडला. गोळा वर गेला, फुस्स असा आवाज आला आणि चार-पाच सेकंदात गोळा परत खाली. काटा बघते तर तोही सरसर शून्यावर येऊन रायला. संध्याकाळच्या शिफ्टच्या रजिस्टरमध्ये ऑक्सिजनपुढे टिक होती आणि टिक मारणारी खोटं बोलत नव्हती, तिने काटा पाहिला होता आणि काटा खरंच फुल होता.

झालं काय होतं ते समजून घ्या, कारण हे आजही होतं. सिलिंडरच्या डोक्यावर मेन व्हॉल्व्ह असतो, तो चावीने उघडतो. त्याच्या पुढे रेग्युलेटर, आणि काटा त्या रेग्युलेटरवर. आदल्या वेळी कोणीतरी वापरून झाल्यावर आधी फ्लोमीटर बंद केला आणि मग मेन व्हॉल्व्ह चावीने बंद केला. या दोघांच्या मध्ये जो जरासा गॅस होता तो तिथेच कोंडून राहिला, आणि काटा त्या कोंडलेल्या गॅसचं प्रेशर दाखवत राहिला. म्हणजे काटा सिलिंडरबद्दल काहीच सांगत नव्हता, तो फक्त त्या बोटभर जागेबद्दल सांगत होता. सिलिंडर मागे रिकामा असता तरी काटा तसाच फुल दिसला असता. आमचा सिलिंडर भरलेला होता, फक्त बंद होता, पण तो उघडायला चावी पाहिजे आणि चावी ट्रॉलीवर नव्हती. वॉर्डातले मामा शेजारच्या वॉर्डात धावले, दोन-अडीच मिनिटांनी चावी आली. तोपर्यंत मी साध्या हवेवर अंबू दाबत राहिले, ते बरोबरच होतं, ऑक्सिजन नसला तरी बॅग दाबणं थांबवायचं नाही, खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. काकांची नाडी आली, आयसीयूत गेले, तीन दिवसांनी वारले. त्या अडीच मिनिटांमुळेच वारले असं कोणी डॉक्टर म्हणाला नाही आणि मीही म्हणत नाही, पण तो खाली पडणारा गोळा मला अजून दिसतो.

तर आमच्याकडे ऑक्सिजन असा बघतात. आधी काटा शून्यावर असला पाहिजे. हो, शून्यावर. बंद ठेवलेल्या सिलिंडरचा काटा शून्यावर असणं हेच बरोबर आहे, म्हणजे मागच्या वेळेस कोणी मधला कोंडलेला गॅस नीट सोडून ठेवलाय. मग साखळीला बांधलेल्या चावीने मेन व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडायचा, काटा कुठे जातो ते वाचायचं. नंतर फ्लो मिनिटाला १५ लिटरवर सोडायचा आणि दहा सेकंद काट्याकडेच बघायचं, गोळ्याकडे नाही. काटा जागेवरून हलला नाही तर ठीक. फ्लो सोडल्याबरोबर काटा खाली झुकत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय किंवा वाटेत कुठेतरी अडकलंय. कान पण लावायचा, रेग्युलेटर जिथे सिलिंडरला बसतो तिथून बारीक सूं सूं येत असेल तर वॉशर गेलाय. आणि तिथे तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आलं तर ते पेट घेऊ शकतं. हॅन्ड क्रीम लावलेल्या हातांनी पण व्हॉल्व्हला हात लावू नका म्हणून मी ओरडते मुलींवर. सगळं बघून झालं की आता क्रम लक्षात ठेवायचा: आधी मेन व्हॉल्व्ह बंद, मग फ्लो तसाच चालू ठेवून काटा शून्यावर येऊ द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी फ्लोमीटर बंद.

आता मिनिटांचा हिशोब. आपल्याकडे ट्रॉलीला जो मध्यम सिलिंडर असतो, काळा अंग आणि पांढरे खांदे, त्याला बी टाइप म्हणतात. त्यात पाणी भरलं तर १० लिटर मावेल एवढी जागा असते. काट्यावर प्रेशरचा किलोमध्ये जो आकडा असतो त्याला या १० ने गुणा, की आत किती लिटर गॅस आहे ते येतं. फुल सिलिंडर साधारण १५० किलो, म्हणजे १५०० लिटर. अंबू बॅगला १५ लिटरने देतो, तर १०० मिनिटं. काटा ५० वर असला तर ५०० लिटर, म्हणजे ३३ मिनिटं. ऐकायला ३० च्या वर आहे, पण मी ५० वर सिलिंडर ठेवत नाही, कारण नाडी आली की त्याच सिलिंडरवर पेशंटला आयसीयूत पण न्यायचं असतं, लिफ्टची वाट बघायची असते. आमचा नियम ७५ चा आहे, त्याच्या खाली आला की बदलायचा. काही काटे पीएसआयमध्ये असतात, २००० वगैरे दाखवतात, तर त्याला १४ ने भागा म्हणजे किलोच्या जवळपास येतं. अजून एक नागपूरची गोष्ट, मे महिन्यात बाहेरच्या शेडमधून आणलेला सिलिंडर तापलेला असतो, गॅस तापला की प्रेशर वाढतं, १५ डिग्रीला १५० दाखवणारा सिलिंडर ४५ डिग्रीला १६५ च्या आसपास दाखवेल, गॅस मात्र तेवढाच. म्हणून आणल्या आणल्या काटा वाचून लिहू नका, तासभर वॉर्डात राहू द्या.

ऑक्सिजन आहे पण पेशंटपर्यंत पोहोचवणारी अंबू बॅग फाटकी असेल तर काय उपयोग, म्हणून लगेच ती. मास्क काढायचा, पेशंटकडचं तोंड तळहाताने घट्ट दाबायचं आणि बॅग दाबायची. बॅग दाबली गेली नाही पाहिजे, कडक लागली पाहिजे. आरामात दबली तर हवा कुठून तरी निसटतेय. लहान मुलांच्या बॅगला प्रेशर जास्त झालं की हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो टिक टिक करून उघडला तर ती गळती नाही, त्याचं कामच ते आहे. मग मागची पिशवी, रिझर्व्हॉयर, ऑक्सिजन लावल्यावर फुगते का ते बघा. ही पिशवी हरवलेली बॅग मी कित्येकदा पाहिली आहे, धुवायला जाते आणि परत येत नाही, आणि तिच्याशिवाय १५ लिटर लावूनही पेशंटला पूर्ण ऑक्सिजन मिळत नाही कारण बॅग अर्धी हवा खोलीतूनच ओढते. मास्कची कड फुगलेली आहे का ते बोटाने दाबून कळतं, उन्हाळ्यात बसलेली कड हमखास दिसते.

सक्शनला, म्हणजे पेशंटच्या तोंडातली उलटी, थुंकी ओढून काढणाऱ्या मशीनला काय करायचं, तर मशीन सुरू करून नळी हाताने दुमडायची आणि काटा बघायचा, तीन-चार सेकंदात ३०० च्या वर गेला पाहिजे. आवाज जोरात येतोय म्हणजे ओढतंय असं अजिबात नाही, मोटार छान गुरगुरते आणि ओढ शून्य, असं होतं. दहातल्या आठ वेळा जारचं झाकण तिरकं बसलेलं असतं किंवा दोन नळ्या उलट्या लावलेल्या असतात, मशीनकडची पेशंटच्या तोटीला आणि पेशंटची मशीनच्या. धुवून परत लावताना होतं ते. चूक कळली की दोन मिनिटांचं काम आहे, पण उलटीने तोंड भरलेल्या पेशंटसमोर ते दोन मिनिटं नसतात.

लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात ट्यूब टाकताना उजेड देणारं ते वाकड्या पात्याचं यंत्र, ते उघडून लाइट लागला की लगेच बंद करतात सगळे. तसं नाही करायचं. उघडून अर्धा मिनिट धरून ठेवा. उतरलेले सेल पहिल्या क्षणाला पांढरा उजेड देतात आणि मग हळूहळू पिवळा पडत जातो, आणि ट्यूब टाकायला कमीत कमी तेवढा वेळ लागतोच. दोन्ही पाती लावून बघा, ३ नंबर आणि ४ नंबर, कारण बल्ब प्रत्येक पात्यात वेगळा असतो, एक चालला म्हणजे दुसरा चालतो असं नाही. बल्ब सैल असला तर हलवल्यावर लुकलुकतो, तो आवळायचा. जास्तीचे सेल आणि एक बल्ब ट्रॉलीत, पाकिटात. ट्यूबा ७, ७.५ आणि ८ नंबरच्या, आणि ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा फुगवायला १० एमएलची सिरिंज त्यांच्यासोबतच.

शॉकचं मशीन, म्हणजे डीफिब. हे लिहिताना मला मागच्या उन्हाळ्यातली एक सकाळ आठवते. डीफिब जागेवर, प्लग लावल्यासारखी वायर बोर्डाकडे गेलेली, स्क्रीन बंद, जशी नेहमी असते तशी. नवीन सिस्टरने माझ्यासमोर चेक करायला घेतलं, मी तिला म्हटलं वायर हाताने धरून बोर्डापर्यंत जा. गेली तर प्लग खाली लोंबत होता आणि त्या सॉकेटमध्ये कूलरचा प्लग. रात्री कोणीतरी नातेवाईकांच्या हट्टापायी कूलर सरकवला होता, पेशंट घामाघूम होता, त्यालाही दोष देता येत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, गर्मी इतकी होऊन रायली होती, मले वाटलं ते मशीन तर बंदच असते." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, मशीन बंदच दिसतं, आतली बॅटरी चार्ज होतेय हे बाहेरून फक्त एका छोट्या दिव्यावरून कळतं. त्या दिवसापासून त्या सॉकेटला लाल टेप आहे आणि मावशींना, मामांना बसवून सांगितलंय की लाल टेपचं सॉकेट कोणाच्याही हट्टाला द्यायचं नाही.

म्हणून डीफिबची टेस्ट प्लग काढूनच करायची, बॅटरीवर. प्लगवर टेस्ट केली तर बॅटरी मेलेली असली तरी मशीन पास होतं, आणि खरी वेळ आल्यावर बेडपाशी नेण्यासाठी पहिलं काम आपण काय करतो तर प्लगच काढतो. छातीवर दाबायचे पॅडल त्यांच्या खोबणीत नीट बसवायचे, मशीनच्या पुस्तकात जी टेस्टची एनर्जी दिली असेल ती लावायची, आमच्या मशीनला ३० ज्यूल आहे, चार्ज करून शॉक सोडायचा, मशीन टेस्ट पास झाल्याची पट्टी छापून देतं, ती रजिस्टरला चिकटवायची. पट्टीचा एक फायदा असा की कागद आहे का, प्रिंटर चालतो का, तारीख-वेळ बरोबर आहे का हे सगळं त्यातच कळून जातं. पॅडल हवेत धरून किंवा एकमेकांना लावून शॉक कधीच सोडायचा नाही. चिकटवायचे पॅड असतील तर त्यांचं पाकीट फुटलेलं नको आणि त्यांची एक्सपायरी औषधांसारखीच बघायची, आतला जेल वाळला की छातीला चिकटत नाहीत. टेस्ट झाली की प्लग परत लावून दिवा लागला का ते बघूनच पुढे जायचं.

आता औषधं. सगळ्यांची यादी देत नाही, ती प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी असते आणि ट्रॉलीच्या दारावर लावलेली असते. एकच औषध घेते, अ‍ॅड्रेनलिन, कारण त्याच्यावरून बाकी सगळं समजतं. हृदय थांबल्यावर ते १ मिलिग्रॅम, म्हणजे १ एमएलचं एक अख्खं अँप्युल, दर ३ ते ५ मिनिटांनी द्यायचं असतं. दर ३ मिनिटांनी दिलं तर ३० मिनिटांत १० लागतात. आमच्या यादीत १० लिहिलंय ते यासाठी.

मे महिन्याच्या २९ तारखेची एक खरी मोजणी सांगते. खणात अ‍ॅड्रेनलिन मोजले, १० होते. यादीत १०, खणात १०, कोणीही टिक मारेल. मी मुलीला म्हटलं, आता एकेक हातात घेऊन तारीख वाच. चार अँप्युलवर एक्सपायरी मे महिन्याची, त्याच वर्षाची. पाकिटावर नुसता महिना आणि वर्ष छापलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, म्हणजे ती चार अँप्युल अजून दोन दिवस चांगली होती आणि १ जूनच्या सकाळी नव्हती. उरलेल्या सहातली दोन खोक्याबाहेर मोकळी ठेवलेली, ट्रॉली पश्चिमेच्या खिडकीजवळ, दुपारी ऊन सरळ त्या खणावर येतं. ती पांढऱ्या कागदासमोर धरून पाहिली तर पाण्यासारखी नव्हती, हलकी गुलाबी झाक होती. अ‍ॅड्रेनलिन उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं, आधी गुलाबी मग तपकिरी, आणि रंग बदलला म्हणजे तारीख पुढची असली तरी फेकायचं. म्हणजे जूनच्या पहिल्या तारखेला त्या खणात कामाची अँप्युल राहिली असती चार. चार म्हणजे किती मिनिटं? पहिलं लगेच, मग तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या मिनिटाला, आणि बाराव्या मिनिटाला पाचवं मागितलं की खण रिकामा. कागदावर मात्र १०.

त्या दिवशी आम्ही काय केलं तर गुलाबी दोन लगेच काढली, इंडेंट करून सहा मागवली, आणि ती येईपर्यंत मे महिन्याची चार खणातच ठेवली पण पुढे, कारण दोन दिवस ती चालणारी होती. आधी संपणारं पुढे, नंतरचं मागे, हा नियम किराणा दुकानदार पण पाळतो. आणि ट्रॉली खिडकीपासून हलवली. खरं म्हणजे चूक त्याच्याही आधीची होती. वॉर्डाच्या ट्रॉलीत औषध महिनोन्‌महिने पडून राहतं, वापर कमी, म्हणून एक्सपायर तिथेच होतं. कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत तेच अँप्युल आठवड्यात संपतं. त्यामुळे एक्सपायरीला तीन महिने राहिले की आम्ही ते आयसीयूला देतो आणि त्यांच्याकडून नवीन घेतो, म्हणजे औषध वाया पण जात नाही आणि ट्रॉलीत नेहमी लांबच्या तारखेचं राहतं.

मोजताना अजून एक, अ‍ॅड्रेनलिन १० आणि सिरिंज ३ असेल तर तुमच्याकडे अ‍ॅड्रेनलिन ३ च आहेत असं धरा. प्रत्येक डोसनंतर २० एमएल सलाइन ढकलावं लागतं नाहीतर औषध हातातल्या शिरेतच बसून राहतं, म्हणजे सलाइनची बाटली आणि मोठ्या सिरिंजा पण पाहिजेत. अमिओडॅरोन यादीत कमीत कमी ३ असतं ते पण असंच, एक अँप्युल १५० मिलिग्रॅमचं, पहिला डोस ३०० म्हणजे दोन, दुसरा १५० म्हणजे एक. दोनच असतील तर दुसऱ्या डोसला हात रिकामे.

दिसायला सारखी असलेली औषधं शेजारी शेजारी ठेवायची नाहीत. अ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅट्रोपिन दोन्ही बारीक १ एमएलची अँप्युल, घाईत हात चुकतो, म्हणून आमच्याकडे मध्ये रिकामा कप्पा सोडलाय आणि मोठ्या अक्षरात पट्टी. पोटॅशियम क्लोराइड तर ट्रॉलीतून काढूनच टाकलंय, १० एमएलचं ते अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखं दिसतं आणि चुकून सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पाडतं. फ्रिजमधली औषधं, जसं ट्यूब टाकताना देतात ते सक्सामेथोनियम, ट्रॉलीत ठेवायची नाहीत, पण ती कुठल्या फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात आहेत ते ट्रॉलीवर लिहिलेलं पाहिजे. आणि मॅनिटॉलची बाटली असेल तर डिसेंबर-जानेवारीत उलटी करून उजेडात बघा, थंडीत त्यात साखरेसारखे खडे जमतात.

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं रोज तीन शिफ्टला कोण करेल, चाळीस पेशंटच्या वॉर्डात. बरोबर आहे, म्हणूनच सील असतं. औषधांचे खण पूर्ण तपासून झाले की प्लॅस्टिकचं नंबरवालं सील लावायचं, हाताने झटका दिला की तुटतं असं, आणि नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा. दुसऱ्या दिवशी नंबर तोच आणि सील अखंड असेल तर आतलं काही हललेलं नाही, खण उघडायची गरज नाही. मग रोजचं काम म्हणजे सील, ऑक्सिजन, अंबू, सक्शन, लॅरिंगोस्कोप, डीफिब, हात बसला की आठ-दहा मिनिटांत होतं. अंबू आणि लॅरिंगोस्कोप यासाठीच आम्ही सीलच्या बाहेर, वरच्या ट्रेमध्ये ठेवतो. पण सील फक्त एवढंच सांगतं की कोणी हात लावला नाही, आत तारीख उलटून जातेय हे सीलला कळत नाही. म्हणून प्रत्येक खणावर बाहेरून चिठ्ठी, आतल्या सगळ्यात लवकर संपणाऱ्या औषधाचं नाव आणि महिना. रोज सील बघताना डोळा चिठ्ठीवर जातोच. आणि महिन्यातून एकदा, आम्ही २५ तारीख ठरवली आहे, सील तोडून सगळं हातात घेऊन. त्या मे महिन्यात २५ ला आमची ही तपासणी राहून गेली होती म्हणून २९ ला केली, आणि दोन दिवस अजून राहिली असती तर काय झालं असतं ते वर लिहिलंच आहे.

सील सगळ्यात जास्त कशाने तुटतं माहितीये? इमर्जन्सीने नाही, उसनवारीने. "सिस्टर, एक कॅन्युला घेतला हं, नंतर ठेवते." मी याबाबत कडक आहे, आणि माझ्यावर नाराज झाल्या तरी चालेल. ट्रॉलीतून काही घेतलं तर घेणारीने त्याच वेळी भरायचं, नवीन सील लावायचं, नवीन नंबर लिहायचा, सही करायची. कोड, म्हणजे अशी हृदय थांबल्याची इमर्जन्सी, संपल्यावर तर ट्रॉली लगेच भरायची, पुढच्या शिफ्टवर ढकलायची नाही, एकदा बंद पडलेलं हृदय त्याच रात्री परत बंद पडू शकतं आणि शेजारच्या बेडला हे माहिती नसतं.

रजिस्टरमध्ये आम्ही टिकचे रकाने काढून टाकले. ऑक्सिजनपुढे आकडा लिहायचा, "१२०, काटा स्थिर". सक्शनपुढे काट्याचा आकडा. डीफिबपुढे पट्टी. लॅरिंगोस्कोपपुढे "३ आणि ४, अर्धा मिनिट". सीलपुढे नंबर. न बघता टिक मारता येते, न बघता आकडा लिहायला निदान खोटा आकडा बनवावा लागतो, आणि तसा कोणी बनवला तर दोन-चार दिवसांत दिसून येतो, कारण सिलिंडरचा काटा तपासताना आणि वापरताना थोडा थोडा उतरत जातो. एका आठवड्यात माझ्या रजिस्टरमध्ये सलग सहा दिवस १२० लिहिलेलं होतं, सातव्या दिवशी मी स्वतः उघडून पाहिला तर ८५. त्या मुलीला एकटीला बोलावलं, ओरडले नाही, तिच्या हातात चावी दिली आणि म्हटलं माझ्यासमोर कर. तिला काटा आधी शून्यावर हवा हेच कोणी सांगितलेलं नव्हतं, तिला वाटायचं शून्य दिसला म्हणजे सिलिंडर संपला, म्हणून ती घाबरून आदल्या दिवशीचाच आकडा उतरवायची. आता सिलिंडरच्या गळ्यात एक पुठ्ठा अडकवला आहे, त्यावर जाड मार्करने लिहिलंय: "बंद असताना काटा शून्यच पाहिजे. आधी चावी, मग वाचा."